मधली पदे गळतात तेव्हा

लॉग टेबल हाताशी असेल तर उघडा, नसेल तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर चालेल. १० हा पाया धरून नऊ संख्यांचे लॉग काढायचे आहेत: २, मग ३/२, मग ४/३, मग ५/४, असे करत शेवटी १०/९. चार दशांश स्थळांपर्यंत उत्तरे अशी येतात: ०.३०१०, ०.१७६१, ०.१२४९, ०.०९६९, ०.०७९२, ०.०६६९, ०.०५८०, ०.०५१२ आणि ०.०४५८. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा लहान आहे, एवढे सोडले तर त्यांच्यात काही शिस्त दिसत नाही. आता त्यांची बेरीज करा. ती १.०००० येते.

चार स्थळांच्या जागी चाळीस स्थळे घेतली, तरीही उत्तर एकच राहील. या नऊपैकी एकही संख्या साध्या अपूर्णांकात लिहिता येत नाही. प्रत्येकीचे दशांश आवर्तनाशिवाय अनंतापर्यंत चालतात. तरी नऊ जणींची बेरीज नेमकी १, तसूभर कमी नाही की जास्त नाही. असे का होते, हे कळायला दोन ओळींचे गणित पुरते. त्या दोन ओळींतून पुढे काय काय हाती लागते, ते मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे.

आधी लॉगची उजळणी करू. १०० म्हणजे १० चा दुसरा घात, म्हणून १०० चा लॉग २. १००० चा लॉग ३. १० चा लॉग १ आणि १ चा लॉग शून्य. मधल्या संख्यांचे लॉग मधले असतात. २ चा ०.३०१०, ५ चा ०.६९९०. लॉगचा मुख्य गुण असा, की गुणाकाराच्या जागी बेरीज येते आणि भागाकाराच्या जागी वजाबाकी. जॉन नेपियरने १६१४ साली लॉगची पहिली कोष्टके छापली ती याच सोयीसाठी. पुढे १६१७ मध्ये हेन्री ब्रिग्जने १० हा पाया धरून १ ते १००० या संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत काढून प्रसिद्ध केले.

आपल्या बेरजेतली प्रत्येक संख्या ‘१ अधिक १/k’ या रूपाची आहे. k च्या जागी १ घातला तर २, २ घातला तर ३/२, ९ घातला तर १०/९. म्हणजे ती दर वेळी शेजारच्या दोन पूर्ण संख्यांचा भागाकार आहे, आणि भागाकाराचा लॉग म्हणजे दोन लॉगांची वजाबाकी:

log(1 + 1/k) = log(k+1) − log k

पहिले पद झाले ‘लॉग २ वजा लॉग १’. दुसरे ‘लॉग ३ वजा लॉग २’. तिसरे ‘लॉग ४ वजा लॉग ३’. ही पदे एकाखाली एक मांडली, की पहिल्यातला लॉग २ दुसऱ्यातल्या वजा लॉग २ ने उडतो, दुसऱ्यातला लॉग ३ तिसऱ्यातल्या वजा लॉग ३ ने. मधले सगळे असेच गळून पडते. उरतात फक्त दोन टोके: शेवटचा लॉग १० आणि पहिला वजा लॉग १. एक वजा शून्य, उत्तर एक.

विजेच्या बिलावर हेच चाललेले असते. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केले की महिन्याचे युनिट मिळतात. वर्षभराचे युनिट हवे असतील तर बारा बिलांची बेरीज करता येते, किंवा वर्षअखेरच्या रीडिंगमधून वर्षारंभीचे रीडिंग थेट वजा करता येते. मधली अकरा रीडिंग दोनदा येतात, एकदा अधिक होऊन आणि एकदा वजा होऊन, म्हणून त्यांची गरजच उरत नाही. लॉग k हे मीटरचे रीडिंग समजा आणि log(1 + 1/k) हा एका महिन्याचा वापर. अशा बेरजेला गणितात टेलिस्कोपिंग बेरीज म्हणतात. नऊच्या जागी n पदे घेतली तर उत्तर log(n+1), आणि सुरुवात १ ऐवजी a पासून करून b पर्यंत गेलो तर उत्तर log((b+1)/a). मध्ये लाखभर पदे असली तरी उत्तर काढायला एक भागाकार आणि एक लॉग पुरतो.

इथवर ही एक सुबक युक्ती वाटेल. पण सुरुवातीच्या त्या नऊ आकड्यांना स्वतःचा इतिहास आहे. सायमन न्यूकोम हे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ. १८८१ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये त्यांनी एक छोटे टिपण लिहिले. लॉग टेबलांची पुढची पाने मागच्या पानांपेक्षा कितीतरी लवकर झिजतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढच्या पानांवर १ ने सुरू होणाऱ्या संख्या असतात, मागच्या पानांवर ८ आणि ९ ने सुरू होणाऱ्या. म्हणजे गणिते करणाऱ्यांना १ ने सुरू होणाऱ्या संख्या जास्त वेळा लागत होत्या. पुढे १९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बेनफर्ड यांनी हीच गोष्ट मोजून दाखवली. नद्यांची खोरी, गावांची लोकसंख्या, पदार्थांचे गुणधर्म अशा वीस प्रकारच्या याद्यांमधून त्यांनी २०,२२९ संख्या जमवल्या. त्यांतल्या ३०.६ टक्के संख्यांचा पहिला अंक १ होता. आपल्या यादीतला पहिला आकडा ०.३०१०, म्हणजे ३०.१ टक्के. आज हा बेनफर्डचा नियम म्हणून ओळखला जातो: संख्येचा पहिला अंक d असण्याचा वाटा log(1 + 1/d). १ चा ३०.१ टक्के, २ चा १७.६, ३ चा १२.५, आणि उतरत उतरत ९ चा अवघा ४.६.

पहिला अंक १ ते ९ पैकी कोणता तरी असणारच, म्हणून सगळे वाटे मिळून शंभर टक्के भरायलाच हवेत. आपली बेरीज नेमकी १ येते म्हणून ते भरतात. ही बेरीज ०.९९ आली असती तर हा नियम नियमच ठरला नसता.

पण वाटे असेच का? यासाठी बँकेतल्या ठेवीचे उदाहरण घेऊ. एक लाख रुपये वर्षाला ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले आणि रक्कम रोज त्याच गतीने वाढते असे धरले. एकाचे दोन लाख व्हायला सव्वादहा वर्षे लागतात. या सगळ्या काळात पासबुकातल्या रकमेचा पहिला अंक १ असतो. दोनाचे तीन व्हायला सहा वर्षे पुरतात, कारण आता व्याज दोन लाखांवर मिळते. तीनाचे चार व्हायला सव्वाचार वर्षे. असे करत नवाचे दहा लाख व्हायला जेमतेम दीड वर्षापेक्षा थोडा जास्त काळ लागतो. एकापासून दहा लाखांपर्यंतचा सगळा प्रवास ३४ वर्षांचा. त्यात पहिला अंक १ असण्याचा काळ सव्वादहा वर्षे, म्हणजे ३०.१ टक्के. व्याजाचा दर ७ ऐवजी ५ किंवा ९ धरा. वर्षे बदलतील, वाटे बदलणार नाहीत. एका टप्प्याला लागणारा काळ हा त्या टप्प्याच्या दोन टोकांच्या लॉगांमधल्या फरकाच्या प्रमाणात असतो, आणि दर काहीही असला तरी तो वरखाली सगळ्यांना सारखाच भागतो.

ज्यांना ठेव नको, पक्के मोजमाप हवे, त्यांनी २ चे घात लिहावेत: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ आणि पुढे. दुप्पट करत जाताना संख्येत एक नवा अंक वाढला, की ती नवी संख्या १ नेच सुरू होते. पाचशे बाराचे एक हजार चोवीस झाले तसे. त्यापुढची संख्या मात्र २ किंवा ३ ने सुरू होणार. म्हणजे प्रत्येक अंकसंख्येच्या गटात १ ने सुरू होणारा घात एक आणि एकच. २ चा हजारावा घात ३०२ अंकी आहे. म्हणून पहिल्या हजार घातांमध्ये दोन अंकी गटापासून ३०२ अंकी गटापर्यंत १ ने सुरू होणाऱ्या संख्या बरोबर ३०१. हजारात ३०१. लॉग २ ची पहिली तीन स्थळेही ३०१ हीच आहेत, आणि त्याचे कारण आता लपलेले नाही.

टोकांचा हिशेब कळला की या नियमातून आणखी काही गोष्टी तोंडी काढता येतात. पहिला अंक ५, ६, ७, ८ किंवा ९ असण्याचा एकूण वाटा किती? पाच लॉग शोधायला नकोत. ५ पासून ९ पर्यंतची बेरीज म्हणजे १०/५ चा लॉग, म्हणजे लॉग २, म्हणजे ३०.१ टक्के. एकट्या १ चा जेवढा वाटा, तेवढाच या पाच अंकांचा मिळून. ४ ते ७ या चौघांची बेरीज ८/४ चा लॉग, पुन्हा लॉग २. आणि २ व ३ या दोघांची ४/२ चा लॉग, तेही लॉग २. जिथे जिथे संख्या दुप्पट होते, तिथे तिथे वाटा सारखा.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग पुढचा वाटतो. पहिल्या एका अंकाऐवजी पहिले दोन अंक मिळून पाहिले, तर १० ते ९९ अशा नव्वद शक्यता होतात. नियम तोच: १७ ने सुरू होण्याचा वाटा log(1 + 1/17). या नव्वद वाट्यांची बेरीज १००/१० चा लॉग, म्हणजे पुन्हा १. पण तेवढ्यावर भागत नाही. १० ते १९ या दहा शक्यता मिळून ‘पहिला अंक १’ हीच गोष्ट सांगतात, तेव्हा त्या दहांची बेरीज ३०.१ टक्केच यायला हवी. नाही तर एक अंकाचा नियम आणि दोन अंकांचा नियम एकमेकांना खोटे पाडतील. १० ते १९ ची बेरीज २०/१० चा लॉग आहे, म्हणजेच लॉग २. तीन अंक घेतले तरी १०० ते १९९ ची बेरीज २००/१०० चा लॉग. अंक कितीही घ्या, नियम स्वतःशी भांडत नाही, आणि याचे सगळे श्रेय मधल्या पदांच्या गळतीला आहे.

नियम कुठे लावू नये, हेही सांगायला हवे. माणसांच्या उंच्या सेंटिमीटरमध्ये लिहिल्या तर मोठ्यांच्या जवळजवळ सगळ्या १ ने सुरू होतील. महाराष्ट्रातले पिन कोड ४ ने सुरू होतात, ते तसे ठरवून दिले आहेत म्हणून. ज्या याद्यांमधल्या संख्या शेकड्यांपासून कोटींपर्यंत पसरलेल्या असतात आणि कुणी वाटून दिलेल्या नसतात, तिथेच या नियमाला अर्थ आहे. हिशेब तपासणारे लोक बिलांच्या रकमांवर तो लावून पाहतात. एखाद्या कार्यालयात दहा हजारांवरच्या खर्चाला वरिष्ठांची मंजुरी लागत असेल, तर ९ ने सुरू होणारी बिले नियमापेक्षा जास्त सापडू शकतात. ते पाहून ती बिले उघडून वाचावीत, एवढेच योग्य. निव्वळ पहिल्या अंकांवरून कुणाला चोर ठरवणे चुकीचे आहे.

आता गळती कुठे होत नाही ते पाहू. पहिला अंक विषम असण्याचा वाटा किती? आता k च्या जागी १, ३, ५, ७, ९ एवढेच घ्यायचे. पदे ‘लॉग २ वजा लॉग १’, ‘लॉग ४ वजा लॉग ३’, ‘लॉग ६ वजा लॉग ५’ अशी येतात. शेजारचे पद गैरहजर असल्याने काहीच उडत नाही. सगळा गुणाकार करावाच लागतो: वर २×४×६×८×१०, खाली १×३×५×७×९, म्हणजे ३८४० भागिले ९४५. त्याचा लॉग ०.६०८९, वाटा सुमारे ६१ टक्के. दुसरा अंक शून्य असण्याचा वाटा काढायचा तर k च्या जागी १०, २०, ३० असे ९० पर्यंत घ्यावे लागतात. तिथेही टोके जुळत नाहीत, नऊ लॉग काढावेच लागतात, आणि उत्तर १२ टक्क्यांच्या आसपास येते. पदे सलग आहेत का, हे आधी पाहायचे. सलग नसतील तर टोकांवरून उत्तर लिहिणे ही चूक आहे.

सलग पदे घेऊन फक्त चिन्हे आलटूनपालटून अधिक-वजा केली, तरीही गळती थांबते. लॉग २ वजा लॉग ३/२ अधिक लॉग ४/३ वजा लॉग ५/४, असे अनंतापर्यंत. ही बेरीज π/२ च्या लॉगवर, म्हणजे सुमारे ०.१९६१ वर जाऊन स्थिरावते. जॉन वॉलिस या इंग्रज गणितीने १६५६ मध्ये छापलेला π चा प्रसिद्ध गुणाकारच हा, लॉगच्या वेषात. चिन्हे बदलताच साध्या पूर्णांकांतून वर्तुळाचा π बाहेर पडावा, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

मूळच्या, सगळी चिन्हे अधिक असलेल्या बेरजेकडे परत येऊ. तिची पदे लहान लहान होत शून्याकडे जातात. हजाराव्या पदाची किंमत जेमतेम ०.०००४३ आहे. अशी बेरीज कुठेतरी थांबेल असे कुणालाही वाटेल. पण उत्तर log(n+1) आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. ९ पदांनी बेरीज १ होते, ९९ पदांनी २, ९९९ पदांनी ३. पुढचा प्रत्येक १ मिळवायला मागच्यापेक्षा दहापट पदे लागतात, पण तो मिळतोच. १० पर्यंत पोहोचायला एक हजार कोटीला एक कमी इतकी पदे लागतील.

आणि इथेच हिशेब करणारा फसतो. समजा, प्रत्येक पद चार दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करून आपण बेरीज करत चाललो आहोत. २८९५ व्या पदापासून ८६८५ व्या पदापर्यंत प्रत्येक पद ०.०००१ असे लिहिले जाते. ही ५७९१ पदे आहेत, त्यांची बेरीज ०.५७९१ होते. टोकांवरून पाहा: ८६८६ भागिले २८९५ म्हणजे जवळजवळ ३, आणि ३ चा लॉग ०.४७७१. एवढ्या एका पट्ट्यात ०.१ ची चूक घुसली. पुढे ८६८६ व्या पदापासून प्रत्येक पद ०.०००० होते आणि बेरीज कायमची गोठते. ज्याला खरे उत्तर ठाऊक नाही, तो समजेल की ही श्रेणी एका मर्यादेला जाऊन पोहोचली. चार स्थळांच्या जागी संगणकाची पंधरा-सोळा स्थळे घेतली तरी हेच घडते, फक्त फार पुढे जाऊन. k दहाचा पंधरावा घात असेल तर ‘१ अधिक १/k’ साठवतानाच १/k चा भाग सुमारे ११ टक्क्यांनी फुगतो. k दहाचा सोळावा घात झाला की तो पार नाहीसा होतो, संगणकाच्या लेखी उरतो नुसता १ आणि त्याचा लॉग शून्य. पायथनमध्ये हे दोन ओळींत दिसते:

```
import math
k = 10**16
print(math.log10(1 + 1/k))
print(math.log1p(1/k) / math.log(10))
```

पहिली ओळ 0.0 छापते. दुसरी सुमारे 4.34e-17 छापते, आणि ते बरोबर आहे. log1p हे फंक्शन १ मध्ये मिळवण्याआधीची लहान संख्याच घेते, म्हणून ती हरवत नाही.

एक्सेलमध्ये किंवा प्रोग्राममध्ये अशी लांब बेरीज करत असाल, तर आधी पाचपंचवीस पदांवर थांबा आणि आलेले उत्तर log(n+1) शी ताडून पाहा. मग दहापट पदे घेऊन पुन्हा ताडा. पदे दहापट झाली की बेरीज जवळपास १ ने वाढायला हवी, आणि पदे जितकी जास्त तितकी ही वाढ १ च्या जवळ जायला हवी. वाढत नसेल तर दोष गणितात नाही, तुम्ही ठेवलेल्या दशांश स्थळांत आहे.